पातं क्रमांक ७ : उघड्या काँक्रीटच्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

इमारत : सार्वजनिक ग्रंथालय, बांधकाम १९६५. पश्चिमेच्या दर्शनी भागावर ऊन अडवणारी काँक्रीटची २४ उभी पाती. प्रत्येक पातं १५० मिमी जाड, ६०० मिमी खोल आणि साधारण ७ मीटर उंच. प्लास्टर नाही, रंग नाही. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे हाच पृष्ठभाग.

१० जानेवारी २०२३

परांची बांधून झाली, म्हणून आज पहिल्यांदा पात्यांना हात लावता आला. खालून दुर्बिणीने पाहिलेलं आणि वर जाऊन हातोडीने ठोकलेलं यांत फार फरक पडतो. खालून पाहताना २४ पैकी ६ पाती खराब वाटत होती. ठोकून पाहिल्यावर ११ पात्यांवर कुठे ना कुठे बद्द आवाज आला. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. आतली सळई गंजून फुगली आणि वरचा थर सुटू लागला की आवाज बसतो. भेग दिसण्याच्या बऱ्याच आधी कानाला हे कळतं. बद्द भागांभोवती खडूने रेषा मारून घेतल्या. त्या कायम राहणार नाहीत, म्हणून लगेच मोजून नकाशावर उतरवल्या.

सगळ्यात बिकट पातं क्रमांक ७. त्याच्या पुढच्या कडेवर, जमिनीपासून चार ते पाच मीटरच्या टप्प्यात, जुनी दुरुस्ती आहे. ग्रंथालयाच्या दफ्तरात ती १९९६ ची असल्याची नोंद सापडली. गुळगुळीत, निळसर करड्या रंगाचा सुमारे ४०० मिमी लांबीचा डाग, आणि त्याच्या वर व खाली नव्या उभ्या भेगा. म्हणजे दुरुस्ती जागेवर आहे आणि तिच्या शेजारचं काँक्रीट फुटतंय. हे पातं समजलं तर बाकीच्या दहा पात्यांचं काम सोपं होईल, असं वाटल्याने पुढचे काही दिवस इथेच घालवायचं ठरवलं.

१८ जानेवारी

दोन मोजमापं झाली. एक, सळई पृष्ठभागापासून किती आत आहे, म्हणजे तिचं कव्हर. दुसरं, कार्बोनेशन किती खोल पोचलंय. या दोन आकड्यांची शर्यत म्हणजेच या इमारतीचं दुखणं आहे.

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो. इतक्या क्षारीय वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनतो आणि टिकतो. तो आहे तोवर पाणी आणि प्राणवायू पोचूनही सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू छिद्रांतून आत शिरतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. पीएच ९ च्या खाली उतरतो आणि तो संरक्षक थर टिकत नाही. काँक्रीट स्वतः यात कमकुवत होत नाही, उलट किंचित घट्टच होतं. म्हणून नुसतं बघून काही कळत नाही.

कळण्यासाठी फिनॉल्फ्थॅलीन. अल्कोहोलमधलं १ टक्क्याचं द्रावण ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फवारलं की क्षारीय भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग बिनरंगी राहतो. इथे एक चूक वारंवार होते, आणि आज आमच्याकडूनही होणार होती. ड्रिलने भोक पाडून त्यातच फवारलं, तर आतल्या चांगल्या काँक्रीटची भुकटी बाहेरच्या भागाला चिकटलेली असते आणि सगळं गुलाबी दिसतं. म्हणून छिन्नीने छोटा टवका उडवायचा, फुंकून साफ करायचा, आणि मगच फवारायचं.

निकाल विचार करायला लावणारा आहे. प्रत्येक पात्याची एक बाजू पावसाच्या माऱ्यात येते, दुसरी शेजारच्या पात्याच्या आडोशाला असते. पावसाच्या बाजूला कार्बोनेशन सरासरी १४ मिमी, आडोशाच्या बाजूला ३१ मिमी. एकच काँक्रीट, एकच वय, आणि दुपटीहून जास्त फरक. कारण छिद्रं पाण्याने भरलेली असली की वायूला आत शिरता येत नाही. कार्बोनेशन सर्वांत वेगाने होतं ते साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रतेत, म्हणजे धड कोरडं नाही आणि धड ओलं नाही अशा अवस्थेत.

पण ढलपे उडालेत ते जवळजवळ सगळे पावसाच्या बाजूला आणि कडेवर. आडोशाला संरक्षण कधीच संपलंय, तरी सळई गंजायला लागणारं पाणी तिथे पोचत नाही. दुरुस्ती कुठे करायची हे फक्त गुलाबी रंगावरून ठरवलं असतं, तर आम्ही चुकीच्या बाजूला छिन्नी लावली असती.

सळईचं कव्हर नकाशावर १ इंच लिहिलंय. प्रत्यक्षात मुख्य सळयांना वेढणाऱ्या आडव्या रिंगांवर ते ९ पासून २४ मिमीपर्यंत कमीजास्त आहे. १५० मिमीच्या अरुंद साच्यात पिंजरा थोडा जरी सरकला, तरी एका बाजूचं कव्हर निम्मं होतं.

संध्याकाळी बसून हिशेब केला. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते असं धरतात :

```
x = k√t
```

x खोली मिमीमध्ये, t वर्षं. पावसाच्या बाजूला ५८ वर्षांत १४ मिमी, म्हणून k साधारण १.८४. जिथे रिंग फक्त ९ मिमी आत आहे तिथे कार्बोनेशन पोचायला सुमारे २४ वर्षं लागली असणार, म्हणजे १९८९ च्या आसपास. त्यानंतर गंज साचून ढलपा उडायला काही वर्षं, आणि पहिली दुरुस्ती १९९६ ला. आकडा इतका नेमका जुळला की दोनदा तपासला. उलट जिथे कव्हर २० मिमी आहे तिथे याच हिशेबाने आणखी ६० वर्षं तरी हात लावायची गरज नाही. कडेवर मात्र हे सूत्र लागू होत नाही. तिथे वायू दोन बाजूंनी शिरतो आणि कोपऱ्यावर खोली वाढते. सगळ्या पात्यांची कड आधी का फुटते, त्याचं उत्तर बहुधा हेच.

२ फेब्रुवारी

पातं ७ च्या जुन्या दुरुस्तीबद्दल माझा पहिला अंदाज चुकला, तो नोंदवून ठेवते.

दुरुस्तीच्या लगत नव्या भेगा दिसल्या की या क्षेत्रात पहिला संशय येतो तो नव्याने तयार झालेल्या अॅनोडचा, म्हणजे गंजण्याच्या नव्या जागेचा. गंजणारा भाग विद्युत-रासायनिक दृष्ट्या शेजारच्या सळईला वाचवत असतो, स्वतः झिजून. तो भाग काढून तिथे ताजं क्षारीय मॉर्टर भरलं की ती सळई सुरक्षित होते, पण शेजारच्या सळईचं कवच जातं आणि आता तीच गंजू लागते. क्लोराइड, म्हणजे मिठातला तो घटक जो सळईवरचा संरक्षक थर भेदतो, असलेल्या काँक्रीटमध्ये हे हमखास घडतं. निव्वळ कार्बोनेशन असेल आणि काँक्रीट बऱ्यापैकी कोरडं असेल, तर विजेला वाट कमी मिळते आणि परिणाम सौम्य राहतो.

म्हणून क्लोराइड तपासलं. १५-१५ मिमीच्या तीन टप्प्यांत भुकटी काढून प्रयोगशाळेत दिली होती. पातं ७ मध्ये सिमेंटच्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी. काळजीचा आकडा सर्वसाधारणपणे ०.४ टक्के धरतात. म्हणजे क्लोराइडचा दोष नाही.

मग आज जुना पॅच अर्धा उघडला, आणि कारण डोळ्यांसमोर आलं. पॅच जेमतेम १५ मिमी जाड. कडा कापलेल्या नाहीत, मॉर्टर जुन्या काँक्रीटवर शून्यापर्यंत निमुळतं ओढलंय. असा पातळ काठ वाळताना आकसतो आणि सुटतो, पाणी त्या फटीतून थेट सळईपर्यंत जातं. सळईची फक्त समोरची बाजू घासलेली होती. मागच्या बाजूला गंज आणि कार्बोनेशन झालेलं जुनं काँक्रीट तसंच. आणि खोदाई थांबवली होती ती बरोबर जिथे गंज दिसायचा थांबला तिथे. पुढच्या १०० मिमीत रिंगेचं कव्हर तेवढंच कमी होतं, कार्बोनेशन तिथेही पोचत होतं, फक्त तेव्हा गंज दिसत नव्हता.

त्या कामावर असलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दिसणारा गंज काढला की काम झालं, ही समजूत तेव्हा सर्रास होती, आजही आहे. पण आपल्या कामासाठी नियम मिळाला : हद्द गंजाने ठरवायची नाही. पाणी जिथे पोचतं आणि कव्हर जिथे कार्बोनेशनच्या खोलीपेक्षा कमी आहे, तिथवर जायचं.

हाफ-सेल पोटेन्शियलची, म्हणजे पृष्ठभागावरून सळईचं व्होल्टेज पाहण्याची, मोजणीही केली. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, हा ठोकताळा क्लोराइडवाल्या पुलांच्या स्लॅबवरून आलाय. कोरड्या, कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटवर तो तसाच लावला तर फसगत होते. त्यामुळे आकड्याकडे न बघता उतार बघितला : थोड्या अंतरात व्होल्टेज झपाट्याने कुठे बदलतं. तशा जागा बद्द आवाजाच्या रेषांशी जवळपास जुळल्या. दोन नवीन निघाल्या, त्या नकाशावर घेतल्या.

पाती १५ आणि १६ यांचा अहवाल मात्र वेगळा आहे. क्लोराइड ०.७ टक्के, आणि तिन्ही खोल्यांवर जवळपास सारखं. बाहेरून शिरलं असतं तर आत जाताना कमी झालं असतं. सारखं आहे, म्हणजे काँक्रीट मिसळतानाच पडलंय. लवकर घट्ट व्हावं म्हणून त्या काळी कॅल्शियम क्लोराइड घालत असत. या दोन पात्यांसाठी वेगळा विचार लागेल. इथे मात्र नव्या अॅनोडची भीती खरी आहे, म्हणून पॅचच्या आत कडेजवळ सळईला जोडलेले जस्ताचे छोटे अॅनोड बसवायचे. सळईऐवजी जस्त झिजेल.

१४ फेब्रुवारी

ग्रंथालयाची समिती, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि मी अशी बैठक झाली. समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, सगळ्यावर चांगला रंग का मारत नाही? गळतीही थांबेल, गंजही थांबेल." प्रश्न रास्त आहे. कार्बन डायऑक्साइड अडवणारे लेप मिळतात आणि काम करतात. पण ते चढले की फळ्यांच्या रेषा, गाठी, शिवणींतून आलेल्या बारीक उभट कडा सगळं एका रंगाखाली जातं. १९५२ साली मार्सेलमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या युनिते द'अबितासियाँने साच्याचा खडबडीत ठसा हाच दर्शनी भाग म्हणून उघडा ठेवला, आणि पुढच्या दोन दशकांत जगभर अशा इमारती उभ्या राहिल्या. त्या पिढीच्या इमारतीत पृष्ठभाग गेला की जपायला फारसं उरत नाही. शिवाय रंग एकदा मारला की दर काही वर्षांनी मारत राहावा लागतो. समितीने हे मान्य केलं.

पुन्हा क्षारीय करण्याचाही पर्याय मांडला. पृष्ठभागावर तात्पुरती जाळी आणि सोडियम कार्बोनेटचं ओलं आवरण लावायचं, सळई आणि जाळीमध्ये काही दिवस वीज सोडायची, आणि सळईभोवतीचा पीएच वाढवायचा. काँक्रीट न फोडता होतं, म्हणून आकर्षक आहे. पण त्यासाठी सगळ्या रिंगा एकमेकींना विजेने जोडलेल्या लागतात. आम्ही तपासलेल्या २० पैकी ७ जोड्या जोडलेल्या निघाल्या नाहीत. वर पृष्ठभागावर पांढरे क्षार उतरण्याचाही धोका. नको म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं. फुटलेल्या आणि फुटू घातलेल्या जागा नीट खोदून भरायच्या. आडोशाच्या बाजूला, जिथे कार्बोनेशन झालंय पण सळई कोरडी आहे, तिथे काही करायचं नाही. वरच्या आडव्या टोकांवरून ओघळणारं पाणी मात्र बाहेर फेकायचं : माथ्यावर शिशाचा पातळ पत्रा आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच. इंजिनिअरनी पात्यांचं गणितही मांडलं. पाती स्वतःचं वजन आणि वारा एवढंच झेलतात, म्हणून मुख्य सळयांचा चौथा भाग झिजला तरी ताकद पुरते. याचा फायदा पुढे मोठा होणार आहे. नवी सळई घालायची तर सांध्यासाठी खोदाई अर्धा मीटर लांबवावी लागते, ती वाचली.

२७ फेब्रुवारी

मिश्रणाचं काम सुरू. बाजारातल्या तयार दुरुस्ती मॉर्टरचे दोन नमुने केले आणि बाजूला ठेवले. ताकदीला उत्तम, पण बारीक वाळू आणि पॉलिमरमुळे पृष्ठभाग बंद, एकसारखा आणि निळसर येतो. १९९६ चा डाग त्याच जातीचा आहे. आणि जुन्या काँक्रीटपेक्षा खूप ताठ मॉर्टर भरलं, तर उन्हात दोघं वेगवेगळं हलतात आणि सांध्यावर ताण येतो.

आम्ही कापून काढलेल्या गोल नमुन्यांतून काँक्रीट कशाचं आहे ते कळलंय. गोलसर नदीची खडी, २० मिमीपर्यंत, तपकिरी झाक असलेली वाळू. बाहेरचा सिमेंटचा पातळ थर पावसाने धुऊन गेलाय आणि वाळूचा रंग वर आलाय. म्हणजे आपण ज्या रंगाशी जुळवतोय तो ताज्या सिमेंटचा नाही, धुपलेल्या पृष्ठभागाचा आहे. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात : जुन्या भिंतीचा रंग ताज्या मॉर्टरमध्ये रंगद्रव्य घालून गाठायला जातात. पाच वर्षांनी रंगद्रव्य तसंच, आणि सिमेंट धुपून वेगळंच काहीतरी समोर येतं. वाळू बरोबर असेल तर धुपल्यावरचा रंग आपोआप जवळ येतो.

म्हणून आधी वाळू शोधली. चार जागांच्या वाळूंपैकी एकीची झाक जुळली. वजनाने १ भाग सिमेंट, २ भाग वाळू, २ भाग १० मिमीपर्यंतची गोल खडी, पाणी सिमेंटच्या ०.४५ पट. सिमेंटमध्ये करडं आणि पांढरं यांचं प्रमाण बदलत १४ नमुने ओतले. पाण्याचं प्रमाण कटाक्षाने सारखं ठेवलं, कारण पाणी कमी झालं की काँक्रीट गडद होतं आणि मग रंग कशामुळे बदलला ते कळत नाही.

५ एप्रिल

नमुने ३७ दिवसांचे झाले. आधी बघायचं नाही असं मीच सांगितलं होतं. तरी आठव्या दिवशी गवंडीकाकांनी हळूच विचारलं, "कुठला पास?" तेव्हा सगळेच गडद होते. ओलावा निघून गेल्याशिवाय रंग खरा दिसत नाही.

आज नमुने पातं ७ ला टेकवून सकाळी, दुपारी आणि तिरप्या उन्हात पाहिले. मग पाणी मारून ओले करून पाहिले. ही ओली परीक्षा महत्त्वाची, कारण कोरडा जुळणारा पॅच पावसात वेगळा उठून दिसू शकतो. नवा भाग पाणी कमी शोषतो, लवकर वाळतो, आणि भोवतीच्या ओल्या भिंतीत फिका चौकोन होऊन बसतो. नमुना ९ (७० टक्के करडं, ३० टक्के पांढरं) कोरडा आणि ओला दोन्हीत सर्वांत जवळचा. त्याचा वरचा थर अगदी हलक्या सौम्य आम्लाने धुऊन वाळू उघडी केली तेव्हा आणखी जवळ आला. आम्ल प्रत्यक्ष पात्यावर वापरायचं नाही. ओला मऊ ब्रश, साचा उघडल्यावर ठरावीक वेळी, हाच उपाय ठेवू.

१८ एप्रिल

सुतारकाकांचा दिवस. मूळ फळ्या रंधा न मारलेल्या, करवतीच्या आडव्या खुणा असलेल्या, १०० मिमी रुंद. त्यांनी तशाच कापून आणल्या, पण पहिल्या ओतकामात पृष्ठभाग भुसभुशीत निघाला आणि बोटाने खरवडला गेला. कारण ताज्या लाकडातली साखर आणि आम्लं सिमेंटचं घट्ट होणं रोखतात. जुन्या बांधकामात पहिल्या वापराचं काँक्रीट असंच खराब येई, म्हणून फळ्यांना आधी सिमेंटचं दूध फासून, वाळवून, घासून घेत. आम्हीही तेच केलं, दोन वेळा. सोबत फळ्या रात्रभर भिजवून वाळवल्या, म्हणजे लाकडाचे उभे तंतू वर येतात आणि ठसा खोल उमटतो.

फळ्यांची शोषण्याची ताकद सारखी नसली तर रंगही सारखा येत नाही. जास्त शोषणाऱ्या फळीखाली काँक्रीट गडद येतं. मूळ पात्यांवरही फळीगणिक छटा बदलते, ती या कारणाने. तेव्हा नव्या पॅचमध्ये सगळ्या फळ्या एकसारख्या वापरणंही चूक ठरेल. काकांनी मुद्दाम दोन जुन्या आणि एक नवी अशी मांडणी सुचवली. मला हे सुचलं नव्हतं.

३ मे

पातं ७ ची खोदाई सुरू. खोदाईची हद्द फळ्यांच्या शिवणींवरूनच घेतली. आडवी कापरेषा कुठे येते ते आपल्या हातात नव्हतं, पण उभ्या दोन्ही कडा मूळ फळीच्या सांध्यावर टाकल्या. तिथे डोळ्याला रेषा अपेक्षितच असते. त्यासाठी खोदाई एका बाजूला ४० मिमीने वाढली. तो सौदा मला मान्य आहे.

कापाची खोली १० मिमी ठरली होती. पण रिंग ९ मिमीवर आहे तिथे चकतीने तीच कापली गेली असती. म्हणून आधी कव्हर मीटरने प्रत्येक कापरेषेवर सळईची जागा आखली, आणि रिंग आडवी येते तिथे चकती ६ मिमीवर थांबवून पुढचं छिन्नीने केलं. कड उभी ठेवली, किंचित आतल्या बाजूला तिरपी, म्हणजे नवा भाग खोबणीत धरला जातो. मोठा ब्रेकर वापरला नाही. त्याच्या धक्क्याने मागचं चांगलं काँक्रीट बारीक तडकतं आणि सांधा कमकुवत होतो. हातातली हलकी यंत्रं आणि छिन्नी. दिवसाला जेमतेम पाऊण मीटर काम होतं.

९ मे

सळईच्या मागे २० मिमी मोकळं केलं, बोट फिरेल इतकं. आता चारही बाजूंनी साफ करता येते. चमकेपर्यंत बारीक वाळूचा मारा केला. १२ मिमीची मुख्य सळई एका जागी १०.४ मिमी भरली. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, म्हणजे सुमारे २५ टक्के गेलंय. इंजिनिअरना फोन केला, त्यांनी सांगितलं तसंच राहू द्या. ६ मिमीच्या दोन रिंगा मात्र कोपऱ्यावर पूर्ण तुटल्यात. तिथे स्टेनलेस स्टीलचे यू आकाराचे तुकडे बांधले, बांधायची तारही स्टेनलेसची. कव्हर वाढवायला जागा नाही, पृष्ठभाग पुढे आणायचा नाही, तेव्हा ज्या जागी ९ मिमीच मिळणार तिथे न गंजणारी धातू हाच सरळ मार्ग.

फिनॉल्फ्थॅलीन मारलं. खड्ड्याच्या तळाला सगळीकडे गडद गुलाबी, उभ्या कडांनाही आतल्या बाजूला. यापुढे जायची गरज नाही.

१६ मे

ओतकाम. खड्डा कालपासून भिजत ठेवला होता, सकाळी स्पंजने वरचं पाणी टिपलं. आतून ओलं आणि वरून कोरडं, ही अवस्था हवी. कोरड्या काँक्रीटने मिश्रणातलं पाणी ओढून घेतलं तर सांध्यावर भुकटी उरते, आणि पाणी साचलेलं असलं तरी तेच होतं.

हाताने थापून हा ठसा उमटत नाही, म्हणून साचा बांधून वरच्या बाजूने ओतलं. साच्याच्या वरच्या कडेला पत्रपेटीसारखं तिरकं तोंड ठेवलं, म्हणजे मिश्रण कापरेषेच्या वरपर्यंत भरतं. बाहेरून रबरी हातोडीने ठोकत हवा काढली.

२० मे

साचा चौथ्या दिवशी काढला. ठसा सुंदर आलाय, शिवणी जुळल्यात. पण वरच्या कापरेषेखाली केसाएवढी आडवी फट आहे, सुमारे ०.१ मिमी, आणि तिच्याखाली ठोकल्यावर आवाज किंचित बसका. मिश्रण ओतल्यावर खाली बसलं आणि तोंडातून पुरेसं भरून निघालं नाही. शिवाय एका कोपऱ्यावर गडद ढग उमटलाय. ओलावा टिकवायला गुंडाळलेलं प्लॅस्टिक तिथे पृष्ठभागाला टेकलं होतं.

ढग कदाचित फिका पडेल. फट नाही बुजणार. सिमेंटचं दूध भरून झाकता येईल, पण १९९६ ला पाणी अशाच फटीतून शिरलं होतं. वरचा १५० मिमी भाग काढून पुन्हा करायचं ठरवलं. गवंडीकाका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "करू. पण तोंड मोठं ठेवू या."

८ जून

दुसऱ्यांदा केलं. तोंड ६० मिमी उंच आणि पूर्ण रुंदीचं ठेवलं, ओतल्यानंतर अर्ध्या तासाने पुन्हा मिश्रण ढकललं. प्लॅस्टिक आता लाकडी चौकटीवर ताणलंय, पृष्ठभागापासून ५० मिमी दूर, आत ओलं पांढरं सुती कापड लोंबतं. गोणपाट वापरलं नाही, त्याचा तपकिरी डाग उतरतो. सात दिवसांनी उघडलं. फट नाही, वरपर्यंत खणखणीत आवाज. ढगही नाही.

तोंडात उरलेला काँक्रीटचा त्रिकोणी उंचवटा दुसऱ्या दिवशी, पूर्ण टणक व्हायच्या आत, छिन्नीने काढला. त्या पट्टीत फळीचा ठसा नाही. सुतारकाकांनी दिलेल्या फळीच्या तुकड्याने पातळ मॉर्टरमध्ये ठसा दाबून घेतला. जवळून पाहिलं तर कळतं, जमिनीवरून नाही.

६ जुलै

पात्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला मुद्दाम केलेल्या पॅचवर ओढून तोडण्याची चाचणी. ५० मिमीच्या तीन चकत्या. १.१, १.३ आणि १.६ न्यूटन प्रति चौरस मिमी. तिन्ही जुन्या काँक्रीटमध्ये तुटल्या, सांध्यावर नाही. म्हणजे सांधा जुन्या काँक्रीटपेक्षा मजबूत आहे, आणि आकडा जुन्या काँक्रीटचा आहे. याहून मोठा आकडा मागण्यात अर्थ नाही.

११ सप्टेंबर

जोरदार पावसानंतर दोन तासांनी पाहणी. पातं ७ वर पॅच थोडा आधी वाळतो. फिका पट्टा साधारण वीस मिनिटं दिसतो आणि मग मिसळून जातो. माथ्यावरचा पत्रा काम करतोय, पुढच्या कडेवरून ओघळ येत नाही.

पाणी झटकणारं सिलेन लावावं का, हा प्रश्न आज पुन्हा निघाला. ते रंग बदलत नाही आणि गंजाचा वेग कमी करू शकतं. पण काँक्रीट कोरडं राहिलं की कार्बन डायऑक्साइडला आत शिरायला जास्त वाट मिळते, आणि पॅच व जुन्या भागावर पाणी वेगवेगळं घसरून नवे ओघळ उठतात. फक्त आडव्या माथ्यांवर, पत्र्याखाली लावायचं असं ठरवलं.

१९ फेब्रुवारी २०२४

पातं ७ चा पॅच आठ महिन्यांचा झाला. सकाळच्या उजेडात छटा किंचित फिकी, दुपारनंतर ओळखायला उभ्या शिवणी मोजाव्या लागतात. ठोकून पाहिलं, सगळं खणखणीत. कापरेषेवर भिंग लावून पाहिलं, फट नाही.

पाती ३, ४ आणि ११ पूर्ण. पाती १५ आणि १६ मध्ये जस्ताचे अॅनोड बसवताना एका रिंगेची वीजजोडणी तुटलेली निघाली, ती जोडून आज पुन्हा मोजलं. उद्या सकाळी खड्डे भिजवायला घ्यायचे आहेत, आणि सुतारकाकांनी दोन जुन्या फळ्या बाजूला काढून ठेवल्यात.